हे झाड बुंध्याकडून वाढतं: बी-ट्रीत नोड का फुटतो आणि डेटाबेसला तेच का हवं असतं

सेमिस्टरची परीक्षा पंधरा दिवसांवर आली की जळगाव, भुसावळ, अमळनेरकडची मुलं माझ्याकडे जो प्रश्न घेऊन येतात, तो जवळजवळ ठरलेला असतो. पेपरात तो इंग्रजीत छापलेला असतो. मराठीत त्याचा अर्थ असा: ऑर्डर ३ च्या बी-ट्रीमध्ये ४२, १८, ६५, २७, ३३, ७०, ५१ या की याच क्रमाने घाला, प्रत्येक स्प्लिट दाखवा, आणि डेटाबेसमध्ये इंडेक्ससाठी बी-ट्री का वापरतात ते लिहा.

मुलं पहिला भाग आकृत्यांनी सोडवतात आणि दुसरा भाग पाठांतराने. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. गेल्या वर्षी फळ्यावर हे गणित सोडवत होतो, तेव्हा चोपड्याकडच्या एका मुलाने आपल्या अहिराणीत विचारलं, "सर, हाई झाड उलटं वाढस का?" म्हणजे, हे झाड उलटं वाढतं का? त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. हो, हे झाड शेंड्याकडे वाढत नाही, बुंध्याकडे वाढतं. हे एक ध्यानात आलं की प्रश्नाचे दोन्ही भाग एकाच उत्तराचे होतात.

## परीक्षेच्या दिवशीचा गेटवरचा फळा

आधी कॉम्प्युटर बाजूला ठेवू. परीक्षेच्या सकाळी तुम्ही केंद्रावर पोचता. गेटवर फळा असतो: अमुक ते अमुक सीट नंबर जुनी इमारत, पुढचे नवी इमारत, त्यापुढचे लायब्ररीच्या मागे. तुम्ही इमारतीकडे जाता, तिथे दुसरा फळा: हे नंबर तळमजला, हे पहिला मजला. मजल्यावर तिसरा फळा खोल्या सांगतो. तीन फळे वाचले की तुम्ही आपल्या खोलीत.

आता वेळ कशात गेला ते पाहा. फळ्यावरच्या दहा ओळींवरून नजर फिरवायला चार-पाच सेकंद लागतात. एका फळ्यापासून दुसऱ्या फळ्यापर्यंत चालायला दोन-तीन मिनिटं. वाचणं स्वस्त आणि चालणं महाग आहे.

समजा कुणी हट्टाने प्रत्येक फळ्यावर एकच नंबर लिहिला: याहून लहान असाल तर डावीकडे जा, मोठे असाल तर उजवीकडे. एक हजार विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकाला दहाएक फळे चालत पार करावे लागतील, कारण दर फळ्याला उरलेले विद्यार्थी फक्त निम्मे होतात. दहा ओळींच्या फळ्यांत हेच काम तीन थांब्यांत होतं.

एका नंबराचा फळा म्हणजे बायनरी सर्च ट्री, दहा ओळींचा फळा म्हणजे बी-ट्री. फळ्यासाठी आपला शब्द नोड, त्यावरच्या नंबरासाठी की. सगळ्यात वरचा नोड तो रूट आणि सगळ्यात खालचे ते लीफ. एका नोडच्या लगेच खाली जोडलेले नोड ही त्याची मुलं, आणि तो त्यांचा पालक. मराठीत लीफही पान आणि डिस्कवरचं पेजही पान, म्हणून घोळ नको: या लेखात पान म्हणजे डिस्कवरचं पेज, आणि खालच्या नोडला मी लीफच म्हणेन.

उपमेची एक मर्यादा आधीच सांगतो. गेटवरच्या फळ्यावर फक्त दिशा असते, विद्यार्थी खोलीत बसलेला असतो. शुद्ध बी-ट्रीत वरच्या नोडमधली की ही स्वतःच खरी नोंद असते. शोधताना ती वरच सापडली तर खाली जायची गरज उरत नाही.

## ऑर्डर म्हणजे नक्की काय

इथेच गुण जातात, म्हणून थोडं थांबू. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्राइट या दोघांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करताना बी-ट्री मांडला. त्यांचा निबंध १९७२ मध्ये छापून आला. त्यात प्रत्येक नोडमध्ये कमीत कमी k आणि जास्तीत जास्त 2k की असतात असा हिशोब होता. पुढे डोनाल्ड नूथ यांनी ऑर्डर म्हणजे एका नोडची जास्तीत जास्त मुलं, अशी व्याख्या केली. आणखी काही पाठ्यपुस्तकं 'मिनिमम डिग्री' म्हणून तिसरंच माप घेतात. म्हणजे "३" हा एकच आकडा तीन पुस्तकांत तीन वेगळी झाडं देतो.

बहुतेक पेपरांत नूथ यांची व्याख्या धरलेली असते. तिच्याप्रमाणे ऑर्डर m असेल तर नोडला जास्तीत जास्त m मुलं आणि m−1 की. रूट आणि लीफ सोडून प्रत्येक नोडला कमीत कमी m/2 मुलं हवीत, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्यायचा. लीफ नसलेल्या नोडला की असतील त्याहून एक मूल जास्त असतं. आणि सगळे लीफ एकाच पातळीवर असतात.

उत्तराच्या पहिल्याच ओळीत "ऑर्डर म्हणजे जास्तीत जास्त मुलांची संख्या असे मी धरले आहे" असं लिहून टाका. मी पेपर तपासतो तेव्हा ही ओळ दिसली की पुढची आकृती कोणत्या नियमाने काढली आहे हे मला ओळखत बसावं लागत नाही.

## सात की, एक झाड

ऑर्डर ३, म्हणजे एका नोडमध्ये जास्तीत जास्त दोन की. या सात की म्हणजे एखाद्या गावातल्या जमिनींचे गट नंबर आहेत असं समजू, कारण ऑनलाइन सातबारा काढताना आपण तेच टाकतो.

नियम एवढाच आहे: नवी की नेहमी लीफमध्येच जाते. रूटपासून लहान-मोठं बघत खाली उतरायचं आणि योग्य लीफमध्ये चढत्या क्रमाने ती बसवायची. जागा असेल तर काम संपलं. नसेल तर नोड फोडायचा.

४२ आला, पहिला नोड झाला. १८ आला, त्याच नोडमध्ये डावीकडे बसला. ६५ आला आणि नोडमध्ये तीन की झाल्या: १८, ४२, ६५. तिसरीला जागा नाही. आता मधली की वर उचलायची. डावीकडची एका नोडमध्ये राहते, उजवीकडची दुसऱ्या. वर नोडच नव्हता, म्हणून नवा रूट तयार झाला:

```
      [४२]
     /    \
  [१८]    [६५]
```

२७ हा ४२ पेक्षा लहान, म्हणून डावीकडे गेला आणि १८ शेजारी बसला. ३३ सुद्धा तिथेच आला, त्यामुळे १८, २७, ३३ अशी गर्दी झाली. मधला २७ वर गेला. वर रूटमध्ये एक जागा होती, म्हणून तो ४२ शेजारी बसला आणि गोष्ट तिथेच थांबली:

```
      [२७  ४२]
     /    |    \
  [१८]  [३३]  [६५]
```

७० हा ६५ शेजारी बसतो. आता ५१. खरी परीक्षा या सातव्या कीची आहे.

५१ हा ४२ पेक्षा मोठा, म्हणून तिसऱ्या लीफमध्ये जातो. तिथे ५१, ६५, ७० झाले. मधला ६५ वर जाईल. लक्षात घ्या, वर जातो तो मधला, नवीन आलेला नव्हे; ५१ नवीन आहे म्हणून त्याला वर ढकलणारी उत्तरं मला दर वर्षी दिसतात. ६५ वर गेला, पण रूट आधीच भरलेला होता. तिथे २७, ४२, ६५ झाले आणि खाली चार मुलं. हे चित्र मनात ठेवा, कारण हे क्षणभराचंच आहे आणि नियमात बसत नाही:

```
      [२७  ४२  ६५]        जास्त झाले
     /    |    |    \
  [१८]  [३३]  [५१]  [७०]
```

म्हणून रूटही फुटतो. मधला ४२ वर जाऊन नवा रूट होतो. २७ डावीकडचा नोड, ६५ उजवीकडचा. आणि चार मुलांची वाटणी? डावीकडची दोन २७ ला, उजवीकडची दोन ६५ ला. २७ आणि ४२ यांच्यामधला ३३ चा लीफ पूर्वी दोघांच्या मध्ये लटकत होता, तो आता २७ चा उजवा झाला. ४२ आणि ६५ यांच्यामधला ५१ चा लीफ ६५ चा डावा झाला.

```
           [४२]
         /      \
     [२७]        [६५]
     /   \       /   \
  [१८]  [३३]  [५१]  [७०]
```

उत्तर बरोबर आहे का हे पेपरातच पडताळता येतं. झाड डावीकडून उजवीकडे वाचा: १८, २७, ३३, ४२, ५१, ६५, ७०. चढता क्रम तुटला असेल तर वाटणीच्या वेळी एखादं मूल चुकीच्या पालकाला दिलं गेलंय. मग किती की आल्या ते मोजा. सातच्या ऐवजी आठ भरल्या, तर वर पाठवलेली की खालीही ठेवली गेली आहे. शेवटी सगळे लीफ एका रेषेत आहेत का ते बघा. नसतील, तर कुठेतरी भरलेल्या लीफच्या खाली नवं मूल जोडलं गेलंय, आणि ती बायनरी ट्रीची सवय आहे.

## झाड उलटं का वाढतं

आता त्या चोपड्याच्या मुलाचा प्रश्न. नोड फुटला तेव्हा नवा नोड त्याच्या शेजारी तयार झाला, खाली कधीच नाही. शेजारी म्हणजे त्याच पातळीवर. मग झाडाची उंची वाढली कधी? फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा रूट फुटला तेव्हा. रूट सगळ्यांच्या वर असतो, त्यामुळे त्याच्यावर नवा मजला चढला की खालचे सगळे लीफ एकदमच एक पायरी खाली जातात. एक लांब आणि दुसरा जवळ असं होण्याला वावच नाही. सगळे लीफ एका पातळीवर असतात हा नियम आपण व्याख्येत लिहितो खरा, पण तो वेगळा पाळावा लागत नाही. फोडण्याच्या रीतीतून तो आपोआप पाळला जातो.

## "पण हे तर बायनरी ट्रीच दिसतंय!"

बरोबर आहे. ऑर्डर ३ मध्ये प्रत्येक नोडमध्ये एकच की उरली आणि चित्र बायनरी ट्रीसारखं झालं. फरक बघायचा असेल तर त्याच सात की चढत्या क्रमाने घाला: १८, २७, ३३, ४२, ५१, ६५, ७०. साध्या बायनरी सर्च ट्रीत प्रत्येक नवी की आधीच्या कीच्या उजवीकडे लटकेल आणि सात पातळ्यांची साखळी होईल. बी-ट्रीत मात्र २७ वर जाईल, मग ४२, मग ६५, मग रूट फुटेल आणि शेवटी वरचंच झाड मिळेल. कागदावर करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

ऑर्डर ३ हे फक्त परीक्षेत काढता यावं एवढं छोटं झाड आहे. डेटाबेसमध्ये ऑर्डर शेकड्यांत असते, आणि ती कुठून येते हेच प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर आहे.

## डेटाबेसला हेच का हवं

डेटाबेस डिस्कवरून एक-एक आकडा वाचत नाही, पान वाचतो. पोस्टग्रेसमध्ये पान ८ केबीचं असतं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये सहसा १६ केबीचं. एक बाइट हवा असला तरी अख्खं पान मेमरीत येतं. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या फिरत्या हार्ड डिस्कवर हवी ती जागा वाचक टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंद जातात. टोक सरकण्याचा वेळ धरला तर एका वाचनाला साधारण दहा. एकदा पान मेमरीत आलं की त्यातल्या आकड्यांची तुलना करायला जो वेळ लागतो, तो त्यापुढे नगण्य आहे. चालणं महाग आणि वाचणं स्वस्त, गेटवरच्या फळ्यासारखंच.

म्हणून एक नोड म्हणजे एक पान असं ठरवतात आणि पानात मावतील तेवढ्या की भरतात. ८ केबीच्या पानात एका कीला तिच्या पॉइंटरांसह २० बाइट धरले, तर चारशेच्या आसपास मावतात. ऑर्डर ४०० धरू. आता एक कोटी गट नंबर असतील तर झाड किती उंच होईल?

सगळ्यात वाईट धरू, म्हणजे सगळे नोड जेमतेम अर्धे भरलेले. चौथी पातळी तयार व्हायची तर रूटला किमान दोन मुलं, त्या प्रत्येकाला किमान २००, त्या प्रत्येकाला पुन्हा २००, आणि शेवटच्या प्रत्येक लीफमध्ये किमान १९९ की हव्यात. वरच्या पातळ्यांतल्या की मिळवल्या तर बेरीज १,५९,९९,९९९ येते. आपल्याकडे एक कोटीच आहेत. म्हणजे चौथी पातळी होऊच शकत नाही. कोणतीही की शोधायला जास्तीत जास्त तीन पानं, सुमारे ३० मिलिसेकंद. नीट तोललेल्या बायनरी ट्रीला याच एक कोटीसाठी २४ पातळ्या लागतील, आणि दर पातळीला वेगळं पान उघडावं लागलं तर २४ वाचनं.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक उत्तरात असते: "बी-ट्रीमुळे तुलना कमी होतात." होत नाहीत. चारशे कींच्या नोडमध्ये बायनरी सर्च केला तरी नऊएक तुलना लागतात, तीन नोडांच्या मिळून २७. बायनरी ट्रीतही २४ च्या आसपासच. कमी होतात ती डिस्कची वाचनं. उत्तरात हे वाक्य स्पष्ट लिहा.

## "पण आता एसएसडी आहेत, मग?"

एसएसडीत काही फिरत नाही आणि वाचन कितीतरी पटींनी जलद होतं, हे खरं. पण वाचायचं पानानेच असतं, आणि मेमरीतल्या तुलनेपेक्षा ते अजूनही फार महाग आहे. त्यामुळे तीन विरुद्ध चोवीस हे गणित टिकून राहतं.

## "मग हॅश टेबल का नाही? एकाच उडीत सापडेल की!"

एकच गट नंबर शोधायचा असेल तर हॅश उत्तम. पण लोक असंही विचारतात:

```sql
SELECT * FROM satbara
WHERE gat_no BETWEEN 30 AND 60;
```

हॅशिंगमध्ये ३३ आणि ५१ कुठे जाऊन पडतात याचा त्यांच्या लहान-मोठेपणाशी संबंध नसतो, म्हणून सगळं चाळावं लागतं. बी-ट्रीत क्रम शाबूत असतो. ३० ची जागा शोधायची आणि तिथून क्रमाने ३३, ४२, ५१ उचलत ६० पार झाला की थांबायचं.

## "सारखं फोडाफोडी करत राहणं महाग नाही का?"

ऑर्डर ३ मध्ये आपण सात कींना चार वेळा नोड फोडले, म्हणून तसं वाटतं. ऑर्डर ४०० मध्ये नोड फुटला की दोन्ही अर्ध्यांत दोनशेच्या आसपास की उरतात. त्यातला एखादा पुन्हा फुटायला त्यात आणखी दोनशे की याव्या लागतात. पूर्ण हिशोब केला तर सरासरी १९९ कींमागे एकाहून जास्त स्प्लिट होत नाही. फुटलं तेव्हाही जुनं पान, नवं पान आणि पालक एवढ्यांवरच लिहायचं असतं. वरपर्यंत साखळी जाणं आणखी दुर्मिळ.

खरी किंमत दुसरीकडे आहे. फुटलेली पानं अर्धी रिकामी राहतात. की कशाही क्रमाने येत असतील तर कालांतराने पानं सरासरी सुमारे ६९ टक्के भरलेली राहतात, ते चालून जातं. पण की सतत चढत्याच आल्या, जसे पावती क्रमांक, तर डावीकडच्या अर्ध्या पानात पुन्हा कधीच काही येत नाही. म्हणून पोस्टग्रेस सगळ्यात उजवीकडचं पान फोडताना निम्मं-निम्मं न करता डावीकडे साधारण ९० टक्के ठेवतो. पेपरात मात्र मधूनच फोडा.

आणि टेबलावर जितके इंडेक्स, तितकी झाडं. एक नवी ओळ घातली की त्या प्रत्येकात की घालावी लागते. प्रत्येक कॉलमला इंडेक्स लावल्यावर शोधणं जलद झालं पण नोंदी घालणं मंदावलं, असं मुलांच्या प्रोजेक्टांत होतं ते यामुळे.

## बी की बी-प्लस?

प्रत्यक्ष डेटाबेस बहुतेक वेळा बी-प्लस ट्री वापरतात. त्यात सगळ्या नोंदी लीफमध्येच असतात आणि वरच्या की फक्त दिशा दाखवतात, म्हणजे गेटवरच्या फळ्याची उपमा तिथे तंतोतंत बसते. लीफ एकमेकांना साखळीने जोडलेले असतात, त्यामुळे ३० ते ६० सारख्या प्रश्नाला पुन्हा वर चढावं लागत नाही.

फोडताना फरक एवढाच: बी-प्लसमध्ये लीफ फुटला की मधल्या कीची प्रत वर जाते आणि मूळ की लीफमध्येच राहते. आपला पहिला स्प्लिट तिथे असा दिसेल:

```
      [४२]
     /    \
  [१८] → [४२  ६५]
```

वरचा आतला नोड फुटला तर मात्र की वरच जाते, खाली प्रत राहत नाही. दोन रीती एकाच उत्तरात मिसळल्या की आठवी की उगवते, ती अशी. प्रश्नात नुसतं "बी-ट्री" म्हटलं असेल, तर ४२ एकाच जागी दिसला पाहिजे.